क्रीडादिनासाठी शाळेचे मैदान मागताना : अर्जाच्या तयारीच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

वारजे आणि कर्वेनगर परिसरातल्या वस्त्यांमध्ये आमच्या संस्थेच्या सहा सायंअभ्यासिका चालतात. पहिली ते सातवीच्या मुलांचा एकत्रित क्रीडादिन जानेवारीत घ्यावा आणि त्यासाठी कर्वेनगरमधील एका माध्यमिक शाळेचे मैदान मागावे, असे आजच्या बैठकीत ठरले. अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

एका सहकाऱ्याने आधीच एक मसुदा करून आणला होता. भाषा नम्र होती, हेतू स्पष्ट होता आणि उपस्थितीविषयी एकच वाक्य होते : ‘कार्यक्रमास सुमारे ३०० ते ४०० जण उपस्थित राहतील.’ मला या वाक्यापाशी थांबावेसे वाटले. मुख्याध्यापिकांच्या जागी बसून पाहिले, तर या आकड्यातून काहीच हाती लागत नाही. हे लोक एकाच वेळी येणार की टप्प्याटप्प्याने, त्यांत मुले किती आणि मोठी माणसे किती, मुलांबरोबर त्यांचे कोणी असणार की नाही, स्वच्छतागृह किती जण वापरणार, फाटकात किती गर्दी होणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. अनोळखी संस्थेला मैदान देताना शाळेला संख्येची तितकी भीती नसते. त्या संख्येचा अंदाज येत नसेल, तर मात्र नकार देणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. म्हणून अर्जात आधी उपस्थिती नीट मांडायची आणि प्रत्येक व्यवस्था त्या आकड्यांवरूनच काढायची, असे मी सुचवले व ते सर्वांना पटले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तारखेचा विचार केला. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, त्यामुळे बोर्डाचे वेळापत्रक आपल्यालाही लागू आहे. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीपासून आणि लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीपासून आहे. दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचे स्नेहसंमेलन असते आणि त्याच्या आधीचे दिवस तालमींचे असतात. २६ जानेवारीच्या संचलनाचा सराव मैदानावरच होतो. म्हणजे आपल्यासाठी जानेवारीतला दुसरा किंवा तिसरा रविवार, १२ किंवा १९ तारीख, एवढेच उरते.

रविवारी शाळा रिकामी असते असे आपण गृहीत धरतो, पण पुण्यातल्या अनेक शाळा रविवारी कोणत्या ना कोणत्या परीक्षेचे केंद्र असतात आणि त्या दिवशी आवारात बाहेरच्या कोणालाही घेता येत नाही. म्हणून अर्जात एकच तारीख लिहून चालणार नाही. पहिली पसंती १२ जानेवारी आणि पर्याय १९ जानेवारी, असे दोन्ही दिवस लिहायचे. पर्याय दिला नाही, तर तारखेच्या अडचणीमुळे आलेला नकार हा मैदानालाच नकार ठरतो आणि सगळा पत्रव्यवहार पुन्हा करावा लागतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर शिपाईमामांच्या परवानगीने मैदान फितीने मोजले. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबी ७८ मीटर आणि रुंदी ४६ मीटर भरली. मैदान मुरमाचे आहे. मधोमध शाळेच्या खो-खो संघाचे मैदान आखलेले असून त्याचे दोन्ही खांब कायमचे रोवलेले आहेत. उत्तरेच्या भिंतीलगत पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचे लोखंडी झाकण आहे.

मोठ्या मुलांसाठी ६० मीटरची शर्यत ठेवावी, असा अभ्यासिकांच्या शिक्षकांचा आग्रह होता. हिशेब करून पाहिला. सुरुवातीच्या रेषेमागे उभे राहण्यास ३ मीटर हवेत आणि शेवटच्या रेषेनंतर वेग कमी करण्यास किमान १५ मीटर मोकळे हवेत, म्हणजे ६० मीटरच्या शर्यतीला ७८ मीटर लागतात आणि सगळ्यांत वेगाने धावणारे मूल थेट भिंतीशी पोहोचते. ५० मीटरची शर्यत ठेवली, तर ६८ मीटर पुरतात आणि भिंतीपर्यंत आणखी १० मीटर राहतात. म्हणून ५० मीटर हेच अंतर ठरवले. धावण्याच्या मार्गिकेची प्रमाण रुंदी १.२२ मीटर असते. सहा मार्गिकांना साडेसात मीटरांची पट्टी लागते. ती दक्षिणेच्या बाजूने काढली, की खो-खोचे खांब आणि टाकी या दोन्हींपासून धावपट्टी दूर राहते. मोठ्यांची रिले शर्यत वळण न घेता याच पट्टीवर समोरासमोर उभे राहून घेता येईल. लांब उडी कार्यक्रमातून वगळली, कारण तिच्यासाठी वाळूचा खड्डा लागतो आणि दुसऱ्याच्या मैदानात खड्डा खणण्याची परवानगी मागणेच मला योग्य वाटत नाही.

आखणी चुन्याने करायची नाही, हेही ठरवले. चुना डोळ्यांत किंवा ओल्या त्वचेवर गेला तर इजा करतो आणि अनवाणी धावणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. पांढऱ्या रांगोळीची भुकटी पुरेशी उठून दिसते आणि नंतर झाडता येते.

३ डिसेंबर, मंगळवार

आजचा पूर्ण दिवस उपस्थितीच्या आकड्यात गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता.

सहा अभ्यासिकांच्या पटावर मिळून २१४ मुले आहेत. रोजची सरासरी उपस्थिती १६५च्या आसपास राहते. खेळांच्या दिवशी एरवी न येणारी काही मुलेही येतील, पण संक्रांतीच्या सुमारास काही कुटुंबे गावी गेलेली असतील. या दोन्ही गोष्टी धरून शिक्षकांनी १८० हा आकडा दिला. त्यांत पहिली ते चौथीची १०० आणि पाचवी ते सातवीची ८० मुले आहेत. शिक्षक आणि स्वयंसेवक मिळून २४ जण असतील. शिक्षकांनी घरोघरी विचारून आणलेल्या माहितीप्रमाणे पालक ११० येतील आणि त्यांच्याबरोबर शाळेत न जाणारी लहान भावंडे ४० असतील. एकूण संख्या ३५४ होते.

आता वेळेचा प्रश्न. आपल्या मुलांच्या आया बहुतेक घरकाम करतात आणि रविवारी सकाळची कामे त्यांना चुकत नाहीत, उलट घरी सगळे असल्यामुळे ती वाढतात. त्या अकराच्या आधी मोकळ्या होत नाहीत. म्हणजे सकाळी साडेसातला मैदानावर पालक जवळजवळ नसतील आणि अकरानंतर एकदम गर्दी होईल. रिवाजाप्रमाणे लहान मुलांच्या शर्यती आधी घेतल्या, तर नेमक्या ज्या मुलांना बघायला आया धावत येणार, त्यांचे खेळ तोवर संपलेले असतील. म्हणून क्रम उलटा केला. मोठी मुले शिक्षकांबरोबर चालत येऊ शकतात, त्यांचे खेळ साडेसात ते दहा या वेळेत होतील. लहान मुले दहाला येतील आणि त्यांचे खेळ साडेबारापर्यंत चालतील. मोठ्या मुलांची रिले पालकांना दाखवता येणार नाही याचे मला वाईट वाटते, पण सगळी मुले दिवसभर थांबवली तर अकरा वाजता मैदानावर साडेतीनशे माणसे होतील.

याच कारणाने बक्षिसे शेवटी एकत्र न देता प्रत्येक गटाचे खेळ संपताच द्यायची आहेत. बक्षीस मिळाल्याशिवाय कोणतेही मूल मैदान सोडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. मोठ्या मुलांपैकी ज्यांचे धाकटे भाऊ-बहीण दुसऱ्या गटात आहेत, अशी सुमारे २५ मुले थांबतील, बाकीची सव्वादहाला परत जातील. त्यामुळे सकाळच्या सत्रात मैदानावर सुमारे १०५ जण असतील आणि अकरा ते बारा या सर्वाधिक गर्दीच्या तासात १०० लहान मुले, २५ मोठी मुले, ११० पालक, ४० भावंडे आणि २४ स्वयंसेवक, असे २९९ जण असतील. अर्जात ‘एका वेळी कमाल ३००’ असे लिहायचे.

वेळही तपासून पाहिला. सहा मार्गिकांत ८० मुलांच्या चौदा फेऱ्या होतात; एका फेरीला तीन मिनिटे धरली तरी ५० मीटरच्या शर्यती पाऊण तासात संपतात आणि पोत्याची शर्यत, लंगडी व रिले यांना वेळ उरतो. लहानांसाठी अंतर ३० मीटर ठेवले आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

ध्वनिक्षेपकावर बरीच चर्चा झाली. तो लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी लागते. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. मैदानावरच्या कर्ण्याचा आवाज त्यात बसणे अवघड आहे. या शाळेच्या तीन बाजूंना राहत्या इमारती आहेत. रविवारी सकाळी साडेसातला सूचना सुरू झाल्या, तर तक्रार आपल्याकडे येणार नाही, ती सोमवारी मुख्याध्यापिकांकडे जाईल. १०५ जणांना शिट्टी, रंगीत झेंडे आणि शर्यत सुरू करण्यासाठी लाकडी फळ्यांचा टाळा पुरतो. ध्वनिक्षेपक लावणार नाही, असे अर्जात स्वच्छ लिहायचे ठरले. माझ्या मते संपूर्ण अर्जात शाळेला सर्वाधिक दिलासा देणारे वाक्य हेच असेल.

पाण्याचा हिशेब माणशी सव्वा लिटरप्रमाणे ४४० लिटर होतो. २० लिटरचे २५ जार मागवले की ५०० लिटर होतात. मुले आपापल्या बाटल्या आणतील, त्यामुळे कागदी पेल्यांचा कचरा होणार नाही.

७ डिसेंबर, शनिवार

अर्जाचा अंतिम मजकूर आज कायम केला. मैदान शाळा चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या मालकीचे असते आणि खासगी शाळेत बाहेरच्यांना ते देण्याचा अंतिम निर्णय बहुधा त्या संस्थेचे पदाधिकारी घेतात. म्हणून अर्ज मुख्याध्यापिकांच्या नावे आणि प्रत शिक्षण संस्थेच्या सचिवांना, असे ठेवले आहे. मजकूर असा :

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : अभ्यासिकेतील मुलांच्या क्रीडादिनासाठी रविवार, दि. १२ जानेवारी २०२५ रोजी (पर्यायी दिवस : रविवार, दि. १९ जानेवारी २०२५) शाळेचे मैदान मिळण्याबाबत.

महोदया,

आमच्या संस्थेतर्फे वारजे व कर्वेनगर परिसरातील वस्त्यांमध्ये इयत्ता पहिली ते सातवीच्या मुलांसाठी सहा सायंअभ्यासिका चालवल्या जातात. या मुलांच्या क्रीडादिनासाठी आपल्या शाळेचे मैदान वरील दिवशी सकाळी ६.४५ ते दुपारी १.३० या वेळेत, तसेच आखणीसाठी आदल्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यानंतर दुपारी ४ ते ६ या वेळेत उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होत असल्याने त्याच दिवशी सकाळी आखणी करणे शक्य होणार नाही.

दिवसभरात एकूण सुमारे ३५५ जण येतील : मुले १८०, पालक ११०, पालकांसोबतची लहान भावंडे ४० आणि आमचे शिक्षक व स्वयंसेवक २४. सकाळी ७.३० ते १० या वेळेत पाचवी ते सातवीच्या मुलांचे खेळ होतील व तेव्हा मैदानावर सुमारे १०५ जण असतील. सकाळी १० ते १२.३० या वेळेत पहिली ते चौथीच्या मुलांचे खेळ होतील. सर्वाधिक गर्दी ११ ते १२ या वेळेत अपेक्षित असून तेव्हाही एका वेळी ३००पेक्षा अधिक जण आवारात नसतील. मुले अभ्यासिकानिहाय शिक्षकांसोबत चालत येतील व तशीच परत जातील. प्रत्येक मुलाच्या पालकांचे संमतीपत्र आमच्याकडे असेल.

धावपट्टी मैदानाच्या दक्षिण बाजूस आखली जाईल. आखणी पांढऱ्या रांगोळीने होईल, मैदानात कोठेही खणले जाणार नाही व खुंट ठोकले जाणार नाहीत. सावलीचा मांडव लोखंडी सांगाड्याचा असेल व त्याचे पाय वाळूच्या पोत्यांनी दाबले जातील. खो-खोचे मैदान वापरले जाणार नाही व त्याच्या खांबांभोवती दोरी बांधली जाईल. ध्वनिक्षेपक लावला जाणार नाही.

पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आम्ही बाहेरून करू. तळमजल्यावरील मुलींचे व मुलांचे स्वच्छतागृह वापरण्यास मिळावे. वर्गखोल्या व वरचे मजले बंद ठेवावेत. स्वच्छतागृहासाठी दिवसभर एक सफाई कर्मचारी आमच्या खर्चाने ठेवला जाईल. प्रथमोपचार पेटी, जलसंजीवनी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले दोन स्वयंसेवक मैदानावर असतील; एक चारचाकी वाहन केवळ याच कामासाठी फाटकाशी उभे राहील. स्वयंसेवकांची सुमारे पंधरा दुचाकी वाहने आवारात, आपण दाखवाल त्या जागी लावली जातील. पालकांची वाहने अपेक्षित नाहीत.

रविवारी थांबावे लागणाऱ्या आपल्या शिपायांचा जादा कामाचा मोबदला, मैदानाचे शुल्क व अनामत रक्कम आपण सांगाल त्याप्रमाणे कार्यालयात पावतीने भरू. कार्यक्रमानंतर मैदान व स्वच्छतागृह झाडून, ओला व सुका कचरा वेगळा करून आम्ही घेऊन जाऊ. आपल्या मालमत्तेचे काही नुकसान झाल्यास त्याची भरपाई तसेच सहभागी मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमच्या संस्थेची राहील.

मैदानाचा आराखडा, वेळापत्रक व संमतीपत्राचा नमुना सोबत जोडला आहे. आपल्या सोयीच्या वेळी भेटून अधिक माहिती देण्यास आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
समन्वयक, अभ्यासिका विभाग

प्रत : मा. सचिव, शिक्षण संस्था

९ डिसेंबर, सोमवार

अर्ज शाळेच्या कार्यालयात दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. सचिवांची प्रत शिक्षण संस्थेच्या कार्यालयात स्वतंत्र नेऊन दिली.

१७ डिसेंबर, मंगळवार

मुख्याध्यापिकांनी भेटीला बोलावले. अर्जाची प्रत त्यांच्यासमोर होती आणि संख्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या. त्यांनी १२ जानेवारीला शाळा परीक्षेसाठी दिलेली असल्याचे सांगितले आणि १९ तारखेवर बोट ठेवले. त्यानंतर त्यांचा पहिला प्रश्न त्या ४० भावंडांविषयी होता.

“तुमची एकशेऐंशी मुले शिक्षकांच्या ताब्यात आहेत, हे मला समजले. पण ही चाळीस कोणाच्या ताब्यात आहेत? आई मोठ्याची शर्यत बघत उभी राहिली, की दोन-तीन वर्षांचे मूल कुठे जाईल हे सांगता येत नाही. माझ्या मैदानात पाण्याची टाकी आहे.”

“बाई, झाकणाला कुलूप असते का?” मी विचारले.

“असते. पण ते लावलेले आहे की नाही हे त्या दिवशी सकाळी कोणी पाहायचे, ते तुमच्या अर्जात नाही.”

प्रश्न अगदी योग्य होता. बाकी सगळ्यांची व्यवस्था अर्जात होती, पण या चाळीस जणांना आकड्यात स्थान होते आणि मैदानावर नव्हते. तिथेच बसून ठरवले की मांडवाचा पूर्वेकडचा अर्धा भाग लहान भावंडांसाठी राखायचा, तिथे सतरंजी व खेळणी ठेवून दोन शिक्षिका पूर्ण वेळ बसतील. टाकीभोवती बाके आडवी लावून तिकडे जाण्याची वाट बंद करायची आणि सकाळी पावणेसातला शिपाईमामा व आमचा एक स्वयंसेवक यांनी मिळून कुलूप तपासून तशी नोंद वहीत करायची.

फाटकाविषयीही त्या बोलल्या. मुख्य फाटक उघडले की रस्त्यावरून कोणीही आत येतो, म्हणून फक्त बाजूचे छोटे फाटक उघडे ठेवावे आणि पालकांना अभ्यासिकेच्या नावाची रंगीत चिठ्ठी द्यावी, ही त्यांचीच सूचना. यामुळे एक गोष्ट मिळाली : आत आलेल्यांची संख्या फाटकावर मोजता येईल. संख्या ३००वर गेली, तर मोठ्या मुलांपैकी थांबलेल्यांना आधी परत पाठवायचे, असे मी सांगितले व त्यांनी ते लिहून घेतले.

१८ डिसेंबर, बुधवार

कालच्या बोलण्यातले सर्व मुद्दे तोंडी न ठेवता पुरवणी पत्रात लिहून दिले : दिवस १९ जानेवारी, आखणी शनिवारी १८ जानेवारीला, भावंडांचा कोपरा, टाकीची तपासणी, छोटे फाटक आणि चिठ्ठ्या. पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय निघेल तेव्हा मुख्याध्यापिकांना आपल्या वतीने आठवणीतून उत्तरे द्यावी लागू नयेत, यासाठी हे आवश्यक होते.

३० डिसेंबर, सोमवार

परवानगीचे पत्र आले. दिवस, वेळ आणि मैदानाचा दक्षिण भाग मान्य झाला आहे. अनामत रक्कम कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी भरायची आहे. अटींमध्ये आमच्या अर्जातील बरीच वाक्ये जशीच्या तशी आली आहेत आणि दोन नव्या आहेत. दुपारी १.३० नंतर आवारात आमचे कोणीही थांबू नये, ही एक; आणि अपेक्षित उपस्थितीत दहा टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास दोन दिवस आधी लेखी कळवावे, ही दुसरी.

पहिल्या अटीमुळे बक्षीसवाटप सव्वाबाराला सुरू करावे लागेल, म्हणजे लिंबू-चमचा शर्यत फक्त पहिली व दुसरीसाठी ठेवावी लागेल. दुसऱ्या अटीसाठी सहाही अभ्यासिकांच्या शिक्षकांना आज सांगितले आहे की संक्रांत झाल्यावर, १५ जानेवारीला, मुले, पालक आणि भावंडे यांची नवी संख्या वेगवेगळी लिहून द्यावी. पालक व भावंडांची संख्या १५०वरून १८५च्या पुढे गेली, तर एकूण बदल दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडतो. तसे दिसले, तर १७ तारखेपूर्वी शाळेला पत्र द्यायचे आणि मांडवाचा आणखी एक भाग त्याच दिवशी मागवायचा. परवानगीच्या प्रती अभ्यासिकांना वाटल्या. अनामत रकमेचा धनादेश ९ जानेवारीला कार्यालयात द्यायचा आहे.